आकृती कुणाची, परवानगी कुणाची?

पीएच.डी.चे प्रबंध चाळताना आकृतीखाली 'स्रोत: गूगल' अशी ओळ हमखास भेटते. काही ठिकाणी लेखकाचे नाव आणि साल असते. ते बघून मार्गदर्शक समाधानाने पान उलटतात. पहिली ओळ चूक आहे हे सगळ्यांना कळते. दुसरी अपुरी असू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लेखकाचे नाव देणे ही एक गोष्ट आणि ती आकृती छापायची परवानगी असणे ही दुसरी. संदर्भ दिल्याने वाङ्मयचौर्याचा आरोप टळतो, पण कॉपीराइटचा प्रश्न सुटत नाही. उलट परवानगी हाताशी असली, तरी संदर्भ दिल्यावाचून सुटका नाही.

हा फरक एका उदाहरणावरून पाहू. एक काल्पनिक संशोधक घेऊ, तिला सुजाता म्हणू. समाजकार्य विषयात ती मराठीतून प्रबंध लिहिते आहे. विषय आहे आशा सेविकांना येणारा कामाचा थकवा आणि काम सोडून देण्याचा त्यांचा विचार. तिला दोन उसन्या वस्तू हव्या आहेत. 'माणूस एखादी गोष्ट करायचे कसे ठरवतो' हे दाखवणारी आइसेक आइझेन यांची प्रसिद्ध आकृती ही पहिली. दुसरी म्हणजे थकवा मोजणारी मास्लॅक बर्नआउट इन्व्हेंटरी ही प्रश्नावली. दोन्ही जगभरच्या प्रबंधांत शेकड्यांनी सापडतात, त्यामुळे त्या सार्वजनिक आहेत असा समज सहज होतो.

'अभ्यासासाठीच तर आहे'

सुजाताचा पहिला बचाव ठरलेला आहे: मी काही विकत नाही, अभ्यासासाठीच वापरते. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात याला थोडा आधार आहे. कलम 52 नुसार संशोधनासह खासगी वापरासाठी, तसेच टीका किंवा समीक्षा करण्यासाठी, दुसऱ्याच्या कृतीचा वाजवी वापर करता येतो. त्यामुळे सुजाताने तो लेख उतरवून घेतला, आकृतीची प्रत काढून भिंतीवर लावली किंवा मार्गदर्शकांना दाखवली, तर कुणाला काही विचारायची गरज नाही.

प्रबंध मात्र आता खासगी राहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009च्या नियमांपासून पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात जाते. पूर्वी पाच बांधीव प्रती निघत. त्यातली एक ग्रंथालयाच्या कपाटात जाई आणि वर्षाला दोन माणसे ती उघडत. आज तोच प्रबंध जगात कुठेही, कुणालाही, फुकट उतरवून घेता येतो. तो असा खुला झाला की 'खासगी वापर' हे शब्द त्याला लागू करणे अवघड होते. एखाद्या आकृतीची प्रबंधात खरोखरच चिकित्सा केली असेल, तर समीक्षेच्या मुद्द्यावर बाजू मांडता येते. प्रकरण सजवायला किंवा चौकट समजावायला ती तशीच छापली असेल, तर हा मुद्दाही लंगडा पडतो.

कल्पनेला कुंपण नसते, चित्राला असते

आता आइझेन यांची आकृती. नियोजित वर्तनाचा हा सिद्धान्त त्यांनी 1991 साली 'ऑर्गनायझेशनल बिहेवियर अँड ह्युमन डिसिजन प्रोसेसेस' या नियतकालिकाच्या 50व्या खंडात, पृष्ठे 179 ते 211 वर, सविस्तर मांडला. त्यातल्या पहिल्या आकृतीत पाच घटक आहेत: वृत्ती, इतरांच्या अपेक्षांचा दाब, 'हे मला जमेल का' याची जाणीव, इरादा आणि शेवटी प्रत्यक्ष वर्तन. ते बाणांनी जोडलेले आहेत. लेखक आइझेन असले, तरी नियतकालिकात छापलेल्या या आकृतीचा हक्क आज एल्सेविअर या प्रकाशनाकडे आहे. बहुतेक नियतकालिके लेख छापण्याआधी लेखकाकडून हक्क लिहून घेतात. त्यामुळे 'मी खुद्द लेखकाला ईमेल केला, ते हो म्हणाले' हे उत्तर अनेकदा कामाला येत नाही. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिलेला असतो, पण देण्याचा अधिकार त्यांच्या हातात उरलेला नसतो.

आइझेन यांनी आपल्या संकेतस्थळावर हा गुंता फार स्वच्छ सोडवला आहे. सिद्धान्त सार्वजनिक आहे. तो संशोधनात वापरायला, त्यावर प्रश्नावली रचायला किंवा त्याची स्वतः काढलेली आकृती प्रबंधात घालायला परवानगी लागत नाही, असे ते सांगतात. छापून आलेली आकृती जशीच्या तशी हवी असेल, तर मात्र हक्क असलेल्या प्रकाशकाला विचारा. संकेतस्थळावर त्यांनी स्वतः ठेवलेली आकृती बिगरव्यावसायिक कामासाठी घेता येते, फक्त तिच्यावरची कॉपीराइटची नोंद काढायची नाही.

सुजातापुढे म्हणजे तीन वाटा आहेत आणि तिन्हींची श्रेयओळ वेगळी आहे.

पहिली वाट म्हणजे 1991ची छापील आकृती जशीच्या तशी घेणे. हिला प्रकाशकाचा परवाना लागेल. दुसरी, संकेतस्थळावरची आकृती तिच्या अटीसह घेणे. तिसरी, सिद्धान्त समजून घेऊन आशा सेविकांच्या संदर्भात आपली आकृती नव्याने मांडणे: मानधन कुठे बसते, घरच्यांचे मत कुठे, गावाचा दाब कुठे. हिला परवानगी लागत नाही, संदर्भ लागतो.

तिसऱ्या वाटेवर एक खड्डा आहे. मूळ आकृती समोर ठेवून तेच चौकोन, तेच बाण आणि तीच मांडणी संगणकावर गिरवली आणि रंग तेवढा निळ्याचा हिरवा केला, तर ती नवी आकृती होत नाही. ती नक्कल किंवा रूपांतरच ठरते. ओळखायची सोपी खूण अशी: मूळ आकृती मिटून, फक्त लेख वाचून तुम्ही ती अशीच काढली असती का? उत्तर 'नाही' असेल, तर परवानगी घ्या. आलेखांबाबतही हाच न्याय लावावा. तक्त्यातले आकडे ही वस्तुस्थिती असते आणि तिच्यावर सहसा कुणाची मालकी नसते. ते आकडे घेऊन तुम्ही वेगळा आलेख काढलात, तर 'आकडेवारी अमुक लेखातून, आलेख प्रस्तुत संशोधकाचा' असे लिहिले की पुरते.

परवाना प्रत्यक्ष कसा काढायचा

समजा सुजाताने पहिली वाट धरली. त्यासाठी पत्रव्यवहाराची गरज नाही. सायन्सडायरेक्टवर त्या लेखाचे पान उघडले की शीर्षकाच्या आसपास `Get rights and content` अशी जोडणी असते. ती `RightsLink` या परवाना देणाऱ्या व्यवस्थेत नेते. तिथे खाते उघडून वापराच्या प्रकारात `reuse in a thesis/dissertation` निवडायचे. मग किती आकृत्या, छापील की इलेक्ट्रॉनिक, तुम्ही स्वतः त्या लेखाचे लेखक आहात का, भाषांतर करणार का, प्रबंधाचे शीर्षक, संस्था आणि सादर करण्याची अंदाजे तारीख एवढे विचारले जाते. प्रबंधासाठी एल्सेविअरची किंमत सहसा शून्य दिसते. ती दिसल्यावर थांबायचे नाही. अटी मान्य करून मागणी पूर्ण केली तरच परवाना क्रमांक आणि तारीख असलेले पत्र मिळते, आणि ते पत्र हाच तुमचा पुरावा.

या अर्जात दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली, प्रबंध छापील आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही रूपांत जाणार असताना फक्त 'छापील' निवडले जाते. मग शोधगंगेवरची प्रत परवान्याबाहेर पडते. दुसरी चूक खास आपली आहे, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्याला ती करायची वेळच येत नाही. एल्सेविअरची परवानगी वेगळे सांगितले नसेल तर फक्त इंग्रजीपुरती असते. आकृतीतली 'अ‍ॅटिट्यूड', 'इंटेन्शन' ही नावे पुसून सुजाता 'वृत्ती', 'इरादा' लिहिणार असेल, तर भाषांतराच्या प्रश्नाला 'हो' म्हणायलाच हवे. भारताच्या कायद्यातही भाषांतर आणि रूपांतर करण्याचा हक्क कॉपीराइटधारकाचाच असतो.

पुढे प्रबंधाचे पुस्तक निघाले तर? हा परवाना प्रबंधापुरता असतो. व्यावसायिक प्रकाशनासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो आणि त्या वेळी किंमत शून्य असेलच असे नाही.

अर्ज करण्याआधी आकृतीखालची बारीक अक्षरातली ओळ वाचायची सवय लावून घ्यावी. तिथे 'अमुक यांच्या परवानगीने पुनर्मुद्रित' असे असेल, तर ती आकृती त्या लेखातही पाहुणीच आहे. त्या नियतकालिकाने तिची परवानगी आपल्यापुरती घेतलेली असते, ती पुढे तुम्हाला देता येत नाही. मूळ हक्कदारापर्यंत जावे लागते. मुक्त परवान्याने निघालेल्या लेखातही हे घडते. पूर्ण लेख क्रिएटिव्ह कॉमन्सखाली असतो आणि तिसऱ्याच आकृतीखाली 'ही यात मोडत नाही' अशी नोंद असते.

एरवी क्रिएटिव्ह कॉमन्स असेल तर काम हलके होते. 'सीसी बाय' परवान्यात कुणाला विचारावे लागत नाही. निर्माता, शीर्षक, मूळ ठिकाण आणि परवान्याचे नाव द्यायचे, आणि काही बदलले असेल तर ते सांगायचे. परवान्यात 'एनडी' ही अक्षरे असतील, तर बदललेली आकृती प्रसिद्ध करता येत नाही. मराठी नावे घातलेली आकृतीही त्यातच आली.

प्रश्नावली: इथे खिसाही तपासावा लागतो

आकृतीचा प्रश्न बहुधा अर्ध्या तासात सुटतो. प्रश्नावलीची गोष्ट वेगळी. ती पानावर छापायची असते, शेकडो लोकांकडून भरूनही घ्यायची असते, आणि सुजाताच्या बाबतीत मराठीत आणायची असते. छापणे, वापरणे आणि भाषांतर ही तीन वेगळी कामे आहेत. एकाची परवानगी दुसऱ्याला पुरत नाही.

मास्लॅक बर्नआउट इन्व्हेंटरी क्रिस्टिना मास्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 साली मांडली. सेवाक्षेत्रातल्या माणसांसाठीच्या तिच्या आवृत्तीत 22 विधाने आहेत: 9 भावनिक थकव्याची, 5 माणसांविषयी येणाऱ्या कोरडेपणाची आणि 8 कामातल्या समाधानाची. ही प्रश्नावली माइंड गार्डन ही अमेरिकन प्रकाशनसंस्था विकते. जितक्या जणांकडून भरून घ्यायची, तितक्या प्रतींचा परवाना विकत घ्यावा लागतो. प्रबंधासाठी संस्था एक पत्र देते. त्यानुसार परिशिष्टात नमुना म्हणून जास्तीत जास्त तीन विधाने छापता येतात. पूर्ण प्रश्नावली कुठेही प्रसिद्ध करता येत नाही.

इथेच आपल्याकडच्या रिवाजाशी खटका उडतो. परिशिष्टात संपूर्ण साधन लावलेच पाहिजे, असा आग्रह अनेक विभागांत असतो. सुजाताने तो पाळून 22 विधाने लावली आणि प्रबंध शोधगंगेवर गेला, तर जिने पैसे मोजून परवाना घेतला तिनेच तो मोडला असे होईल. बरोबर मार्ग असा: परिशिष्टात तीन नमुना विधाने, त्यापुढे परवान्याचे पत्र आणि 'परवान्याच्या अटीमुळे पूर्ण प्रश्नावली छापलेली नाही' अशी एक ओळ. मार्गदर्शकांचा आग्रह असेल तर ते पत्रच त्यांच्यापुढे ठेवावे.

दुसरी अडचण मराठीची. आशा सेविकांना इंग्रजी विधाने देऊन भागणार नाही, आणि परवाना घेतला म्हणून भाषांतराचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळी बोलणी करावी लागतात. आधीच कुणी मराठी आवृत्ती केली आहे का, हे आधी विचारावे. दुसऱ्या एखाद्या प्रबंधाच्या परिशिष्टातले मराठी भाषांतर उचलणे धोक्याचे असते. ते परवानगीने झाले होते का हे कळत नाही, आणि भाषांतर करणाऱ्याचे श्रमही आपल्या नावावर जमा होतात.

हा सगळा खर्च आणि वेळ पाहून सुजाताने मार्ग बदलला, तर ते शहाणपणच म्हणायला हवे. थकवा मोजणारी कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी क्रिस्टेन्सेन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केली. तिच्यात 19 प्रश्न आहेत आणि तिचा वापर विनामूल्य आहे. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-9 या नऊ प्रश्नांच्या चाचणीवर तर छापायला, भाषांतराला, दाखवायला आणि वाटायला परवानगी लागत नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. साधन निवडताना ते किती विश्वसनीय आहे हे आपण तपासतो. ते कुणाच्या मालकीचे आहे हा रकानाही त्याच तक्त्यात हवा.

'आजवर सगळ्यांनी फुकट वापरली' हा पुरावा नव्हे. स्मृतिभ्रंश तपासणारी 30 गुणांची मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही चाचणी 1975 साली एका नियतकालिकात छापून आली. डॉक्टर आणि विद्यार्थ्यांनी ती पंचवीसेक वर्षे मुक्तपणे वापरली, क्रमिक पुस्तकांतही छापली. 2001 मध्ये तिचे हक्क एका चाचणी-प्रकाशकाकडे गेले आणि प्रतीमागे पैसे मोजायची वेळ आली. पुढे हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी 'स्वीट सिक्स्टीन' ही छोटी मोफत चाचणी तयार केली, तर हक्काच्या वादातून ती संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली. इतकी वर्षे कुणी विचारले नाही, याचा अर्थ कुणी मालक नव्हता असा होत नाही.

पत्र लिहायचे झाले तर

सगळ्याच प्रश्नावल्या कंपन्यांकडे नसतात. पुष्कळ साधने लेखकाच्या ताब्यात असतात किंवा एखाद्या लेखाच्या शेवटी छापलेली असतात. तेव्हा ईमेल करावा लागतो. 'मला आपली प्रश्नावली वापरू द्यावी' एवढी मोघम विनंती केली, तर उत्तरही मोघम येते. पत्रात साधनाचे पूर्ण नाव, साल आणि लेख लिहावा. आपला विषय, संस्था आणि मार्गदर्शक सांगावेत. मग मागणी सुटी सुटी करून विचारावी: किती जणांकडून भरून घेणार, कागदावर की ऑनलाइन, मराठीत भाषांतर करू का, काही प्रश्न गाळू किंवा बदलू का, परिशिष्टात पूर्ण छापू का, आणि हा प्रबंध इंटरनेटवर सर्वांसाठी खुला राहील, हे चालेल का. हक्क आपल्याकडे नसतील तर ते कुणाकडे आहेत हे कळवावे, अशी विनंती शेवटी करावी.

दोन आठवड्यांत उत्तर आले नाही, तर नम्रपणे आठवण द्यावी. सहलेखकांनाही लिहून पाहावे. मौन म्हणजे संमती हा न्याय इथे चालत नाही. शेवटपर्यंत उत्तर आले नाही, तर ती आकृती छापू नये. तिचे वर्णन शब्दांत करून मूळ लेखाकडे बोट दाखवावे. प्रश्नावली असेल तर दुसरी शोधावी.

श्रेयओळ

आता सुजाताची पाने कशी दिसतील ते पाहू. परवाना घेऊन छापलेल्या आकृतीखाली अशी ओळ येईल:

'आकृती 2.1: नियोजित वर्तनाचा सिद्धान्त. ऑर्गनायझेशनल बिहेवियर अँड ह्युमन डिसिजन प्रोसेसेस, खंड 50, अंक 2, आय. आइझेन, द थिअरी ऑफ प्लॅन्ड बिहेवियर, पृ. 179–211, आकृती 1, कॉपीराइट 1991, एल्सेविअर यांच्या परवानगीने रूपांतरित. मराठी नावे: प्रस्तुत संशोधक.'

शेवटचे छोटे वाक्य विसरू नये; बदल कुणी केला हे त्यातून कळते. नावेसुद्धा न बदलता आकृती घेतली असती, तर 'रूपांतरित'च्या जागी 'पुनर्मुद्रित' आले असते. आकृती तिने स्वतः मांडली असती, तर 'आइझेन (1991) यांच्या सिद्धान्तावर आधारित. मांडणी प्रस्तुत संशोधकाची' एवढे पुरले असते. 'परवानगीने' हा शब्द परवानगी खरोखर हातात असेल तरच लिहावा. सीसी परवान्याची आकृती असेल, तर तिथे परवान्याचे नाव लिहावे.

प्रकाशकाने परवान्यात ओळीचे शब्द ठरवून दिले असतील, तर विद्यापीठाच्या शैलीपेक्षा त्यांना मान द्यावा. श्रेयओळ आकृतीच्या खालीच हवी. प्रबंधाच्या शेवटी संदर्भसूचीत नोंद केली म्हणून ती गाळता येत नाही. प्रश्नावलीचे श्रेय दोन ठिकाणी येते: संशोधनपद्धतीच्या प्रकरणात आणि परिशिष्टातल्या साधनाच्या माथ्यावर. आभाराच्या पानावर लेखकाचे नाव घेणे ही सौजन्याची गोष्ट आहे, ती परवानगीची नोंद होत नाही.

परवान्याची सगळी पत्रे एका फोल्डरमध्ये ठेवावीत. आकृतीचा क्रमांक, हक्कदार, मागणीची तारीख, होकाराची तारीख आणि अटी असा एका पानाचा तक्ता सोबत असला की तोंडी परीक्षेत कुणी विचारले तर शोधाशोध करावी लागत नाही. त्या तक्त्यात एका गोष्टीवर लक्ष ठेवावे. प्रश्नावलीच्या परवानगीची तारीख पहिली प्रत भरून घेतली त्या तारखेच्या आधीची हवी. आकृती प्रबंध सादर करायच्या आदल्या दिवशीही काढून टाकता येते; भरून घेतलेल्या तीनशे प्रश्नावल्या काढून टाकता येत नाहीत.